ग्रुपवरचा मेसेज पुसला, तरी अल्बमची लिंक का उघडते?

*तीन वर्षांपूर्वी मुलीच्या पोहण्याच्या वर्गाचे फोटो गूगल फोटोजच्या अल्बममध्ये ठेवून मी त्याची लिंक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. तेव्हा 46 फोटो होते. परवा, ग्रुप कधीच सोडून गेलेल्या एका ओळखीच्या व्यक्तीने मुलीच्या गेल्या महिन्यातल्या फोटोचा सहज उल्लेख केला. मी अल्बम उघडून पाहिला, तर त्यात 1,138 फोटो आहेत आणि त्यांतले बरेचसे घरातले आहेत. घाबरून मी ग्रुपवरचा तो मेसेज माझ्या फोनवरून काढून टाकला, पण लिंक अजून उघडते. मोठ्या आकारातले फोटो ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवून त्याचीही लिंक त्याच वेळी दिली होती. तो फोल्डर काल ट्रॅशमध्ये टाकला. एवढे पुरे आहे का? मूळ फोटो मात्र मला गमवायचे नाहीत. — एक आई*

सप्रेम नमस्कार.

एवढे पुरे नाही. मात्र राहिलेले काम तासाभराचे आहे आणि त्यात मूळ फोटोंना धक्का लागत नाही. फक्त ते योग्य क्रमाने करावे लागते. म्हणून हे उत्तर संपूर्ण वाचून मगच हात घालावा, अशी विनंती आहे. अपवाद एकाच गोष्टीचा: वाचनाला वेळ नसेल, तर पुढच्या परिच्छेदात सांगितलेली पहिली कृती आत्ताच करून टाका.

संगणकावर photos.google.com उघडून तो अल्बम उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि "Options" निवडा. तिथे "Link sharing" नावाचा एक खटका दिसेल. तो बंद करण्यापूर्वी सध्याची लिंक कॉपी करून एखाद्या टिपणात जपून ठेवा. जी लिंक मारायची, तीच जपून ठेवायची, हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु जुनी लिंक खरोखर मेली की नाही, हे तपासण्यासाठी ती जुनी लिंकच हाताशी लागते, आणि बहुतेक लोक घाईघाईत आधी सगळीकडचे मेसेज पुसून टाकतात व मग तपासायला त्यांच्याजवळ काहीच उरत नाही. लिंक टिपून झाली की खटका बंद करा. फोनवरच्या अ‍ॅपमध्येही हीच सोय अल्बमच्या तीन ठिपक्यांमागे आहे, आणि तुमच्या फोनची भाषा मराठी असेल तर हे शब्द त्याच जागी मराठीत दिसतील.

आता मेसेज काढूनही लिंक का चालत राहिली, ते पाहू. तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या त्या मजकुरात फोटो नव्हते, होता तो केवळ एक पत्ता. त्या पत्त्याच्या शेवटी अक्षरांची आणि अंकांची जी लांबलचक, निरर्थक दिसणारी माळ असते, तीच परवानगी असते. जो कोणी ती माळ घेऊन येतो त्याला सर्व्हर "तू कोण?" असे विचारत नाही, तो फक्त माळ बरोबर आहे की नाही एवढेच पाहतो. अशी माळ अंदाजाने ओळखणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे धोका अनोळखी माणसाच्या हुशारीचा नसून ओळखीच्या माणसाच्या सहजपणाचा असतो: कोणी ती दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवलेली असते, कोणाच्या ब्राउझरच्या इतिहासात ती पडून असते, कोणी ती स्वतःलाच मेल करून ठेवलेली असते. ग्रुप सोडलेल्या व्यक्तीच्या फोनमध्ये जुनी चॅट तशीच राहते, आणि तिच्यातली लिंकही. ग्रुपमधून बाहेर पडणे आणि अल्बममधून बाहेर पडणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. शिवाय तुम्ही काढलेला मेसेज फक्त तुमच्या फोनवरून गेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांसाठी मेसेज काढण्याची मुदत दोन दिवसांहून थोडी अधिक असते, आणि तीन वर्षांपूर्वीच्या मेसेजच्या बाबतीत ती केव्हाच उलटून गेली.

46 चे 1,138 कसे झाले, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील आहे. याचे बहुधा एकच कारण असते. गूगल फोटोजमध्ये अल्बम तयार करताना एखाद्या व्यक्तीचा चेहरा निवडून "तिचे फोटो आपोआप टाकत जा" असे सांगण्याची सोय 2018 पासून आहे. मुलीचा अल्बम करताना तुम्ही तिच्या चेहऱ्यावर टिचकी मारली असणार आणि त्या वेळी ते सोयीचेच वाटले असणार. त्यानंतर तुमच्या फोनने तिचा जो जो फोटो काढून खात्यात चढवला आणि ज्यात चेहरा ओळखू आला, तो तो त्या अल्बममध्ये जात राहिला, मग तो पोहण्याच्या तलावावरचा असो की घरातला, सकाळी झोपेतून उठतानाचा असो. एक लिंक एकदा दिली, म्हणजे त्या दिवशीचे फोटो दिले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लिंक फोटोंची नसते, ती अल्बमची असते, आणि अल्बममध्ये उद्या जे येईल तेही त्याच लिंकमागे असते. तुमच्या ओळखीच्या व्यक्तीने काही चोरून पाहिले असे मला वाटत नाही. कधीतरी उघडून ठेवलेला अल्बम पुन्हा समोर आला आणि त्यात नवा फोटो होता, एवढेच घडले असावे.

म्हणून दुसरी कृती म्हणजे त्याच "Options" मध्ये आपोआप फोटो टाकण्याच्या भागात मुलीचा चेहरा दिसतो का ते पाहून तो तिथून काढणे. लक्षात घ्या, लिंक बंद केल्याने ही आवक थांबत नाही. लिंक बंद करून ही आवक चालू ठेवली, तर अल्बमचे जे सदस्य आहेत त्यांच्यापर्यंत नवे फोटो पोहोचतच राहतील.

सदस्य हा शब्द इथे मुद्दाम वापरला, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. लिंक उघडून नुसते पाहून जाणारा माणूस वेगळा आणि लिंक उघडल्यावर "Join" दाबणारा माणूस वेगळा. पहिल्याचे नाव कुठेही नोंदलेले दिसत नाही. दुसऱ्याचे नाव अल्बमच्या सदस्यांच्या यादीत येते आणि तो अल्बम त्याच्या स्वतःच्या खात्यात कायमचा दिसू लागतो. लिंक बंद केली की पहिल्याची वाट बंद होते. दुसऱ्याची होत नाही, कारण तो आता लिंकमुळे आत नाही, तो नावाने आत आहे. "Options" मध्ये खाली ही नावे दिसतील. प्रत्येकाच्या नावासमोर त्याला काढून टाकण्याची सोय आहे, आणि ज्यांना तुम्ही आज मुद्दाम बोलावून आत घेणार नाही, त्या सर्वांना काढावे असे माझे मत आहे. त्यात अवघडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. वर्गाच्या 46 फोटोंसाठी दिलेला प्रवेश घरातल्या हजारभर फोटोंसाठी कोणी मागितलेलाच नव्हता.

मात्र एक सावधगिरी बाळगा. सदस्याला काढले की त्याने अल्बममध्ये घातलेले फोटो आणि लिहिलेले अभिप्रायही जातात. इतर पालकांनी त्यांच्या कॅमेऱ्यातले तुमच्या मुलीचे फोटो तिथे टाकले असतील आणि ते तुम्हाला हवे असतील, तर आधी ते उघडून आपल्या खात्यात जतन करा आणि मगच नावे काढा. तुमचे स्वतःचे फोटो मात्र सुरक्षित राहतात, कारण अल्बम ही फोटोंची केवळ एक यादी असते आणि मूळ फोटो तुमच्या संग्रहात असतो. संपूर्ण अल्बम काढून टाकला तरीही तुमचे फोटो संग्रहात राहतातच. खरे सांगायचे, तर तुमच्या जागी मी असतो तर खटका आणि नावे यांच्या मागे न लागता, इतरांचे हवे ते फोटो जतन करून तो अल्बमच काढून टाकला असता. तीन वर्षे कोणाकोणाच्या हातांतून गेला हे ठाऊक नसलेला अल्बम दुरुस्त करण्यापेक्षा, हव्या त्या फोटोंचा नवा अल्बम करणे सोपे आणि निर्धास्त असते. फक्त अल्बम काढायचा आणि फोटो काढायचे यांत गल्लत होऊ देऊ नका. अल्बमच्या आत जाऊन सगळे फोटो निवडून कचरापेटीचे चिन्ह दाबले, तर ते संग्रहातूनही जाऊ शकतात. अल्बमच्या स्वतःच्या तीन ठिपक्यांमागे तो अल्बम काढण्याचा पर्याय असतो, तोच वापरा.

याशिवाय आणखी एक जागा तपासून घ्या. आपण अनेकदा अल्बम न करता चार-सहा फोटो निवडतो, "Create link" दाबतो आणि ती लिंक पाठवून मोकळे होतो. अशी प्रत्येक लिंक स्वतंत्र असते, तिचा अल्बमशी संबंध नसतो आणि अल्बमच्या यादीत ती दिसतही नाही. शेअर केलेल्या गोष्टींची जी वेगळी यादी गूगल फोटोजमध्ये असते, तिथे ती सापडते. तीन वर्षांची ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत पाहा. काही जागी तुम्हाला हसू येईल, काही जागी दचकायला होईल, आणि नको त्या लिंका तिथल्या तिथे बंद करता येतील.

आता ड्राइव्हकडे वळू, कारण तिथला नियम वेगळा आहे आणि तुमची कालची कृती तिथे अर्धवट राहिली आहे.

ड्राइव्हमध्ये ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल 30 दिवस तिथे राहते आणि मग आपोआप कायमची जाते. या 30 दिवसांत ती तुमच्या नेहमीच्या यादीतून नाहीशी झालेली असते, म्हणून आपल्याला वाटते की गेली. परंतु ज्यांच्याशी ती शेअर केलेली आहे, त्यांच्यासाठी ती कायमची पुसली जाईपर्यंत उघडू शकते, आणि तोवर त्यांना तिची प्रतही करून घेता येऊ शकते. तेव्हा दोनच मार्ग उरतात. त्या फोल्डरमधले सगळे फोटो मूळ आकारात तुमच्याकडे इतरत्र असल्याची खात्री असेल, तर ट्रॅशमध्ये जाऊन तो कायमचा काढून टाका. तशी खात्री नसेल, आणि तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवरून ती नसावी असेच मला वाटते, तर फोल्डर आधी ट्रॅशमधून परत आणा, त्याची परवानगी बंद करा, फोटो संगणकावर उतरवून घ्या, उतरवलेले चार-दोन फोटो प्रत्यक्ष उघडून पाहा, आणि त्यानंतरच काय ठेवायचे नि काय काढायचे ते ठरवा.

परवानगी बंद करण्यासाठी फोल्डरवर राइट क्लिक करून "Share" उघडा. खालच्या "General access" या भागात आज "Anyone with the link" असे असेल. ते बदलून "Restricted" करा. फोल्डरवरची ही परवानगी आतल्या फाइलींना वारशाने मिळालेली असते, त्यामुळे फोल्डर बंद केला की आतले बहुतेक सगळे बंद होते. बहुतेक म्हणतो, कारण त्या फोल्डरमधला एखादा फोटो तुम्ही कधी स्वतंत्रपणे, त्याच्या एकट्याच्या लिंकने कोणाला पाठवला असेल, तर त्या फोटोला स्वतःची वेगळी परवानगी मिळालेली आहे आणि फोल्डर बंद झाला तरी ती तशीच राहते. असा फोटो ओळखायचा कसा? फोल्डर "Restricted" केल्यानंतर त्यातल्या संशयास्पद फाइली एकेक निवडून तिचीही "Share" खिडकी उघडा. तिथे अजूनही "Anyone with the link" दिसत असेल, तर ती वारशाची नसून तिची स्वतःची परवानगी आहे आणि ती तिथेच बंद करावी लागेल. फोटो शेकड्यांनी असतील तर सगळे तपासत बसू नका. कोणते फोटो सुटे पाठवले होते, ते तुमच्या पाठवलेल्या मेसेजांत आणि मेलमध्ये drive.google.com हा शब्द शोधला की लगेच कळते.

ड्राइव्हचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथली लिंक फाइलच्या किंवा फोल्डरच्या कायमच्या ओळखक्रमांकावर बेतलेली असते. drive.google.com/drive/folders/ या शब्दांनंतर जी अक्षरे येतात तोच तो क्रमांक. फोल्डरचे नाव बदलले, तो दुसऱ्या फोल्डरात हलवला, तरी हा क्रमांक बदलत नाही. मी स्वतः एकदा एका फोल्डरचे नाव बदलून, त्याला दुसऱ्याच कोपऱ्यात हलवून, आता कोणाला सापडणार नाही अशा समाधानात काही महिने काढले होते. मग एका नातेवाइकाने जुन्याच लिंकवरून त्यातला नवा फोटो पाहून मला अभिप्राय पाठवला. याचाच दुसरा परिणाम असा, की आज "Restricted" केलेला फोल्डर तुम्ही सहा महिन्यांनी कोणासाठी तरी पुन्हा "Anyone with the link" केलात, तर नवी लिंक मिळत नाही, जुनीच जिवंत होते, आणि तीन वर्षांपूर्वी जिच्याजवळ ती होती ती प्रत्येक व्यक्ती पुन्हा आत येऊ शकते. म्हणून यातले फोटो पुन्हा कोणाला द्यायचे असतील तर नवा फोल्डर करा. त्यात फोटो नुसते हलवू नका, कारण हलवलेल्या फोटोचा क्रमांक जुनाच राहतो. फोटो निवडून "Make a copy" करा, त्या प्रती नव्या फोल्डरात ठेवा, आणि जुने फोटो बंदच राहू द्या. प्रतीला नवा क्रमांक मिळतो, आणि जुन्या लिंकांना तो माहीत नसतो.

गूगल फोटोजमध्येही लिंक बंद करून पुन्हा चालू केली म्हणजे जुनी आपोआप बाद झाली, असे गृहीत धरू नका. तपासून पाहा. आणि तपासणे हाच या सगळ्यातला असा भाग आहे जो लोक हमखास चुकीचा करतात.

चूक अशी होते. लिंक बंद केल्यावर आपण आपल्याच फोनवर जुन्या लिंकवर बोट ठेवतो, अल्बम झटकन उघडतो, आणि आपल्याला वाटते की काहीच बंद झाले नाही. प्रत्यक्षात तो अल्बम तुमचा आहे, फोनवर तुम्ही तुमच्याच खात्याने आत आहात, आणि मालकाला त्याचा स्वतःचा अल्बम दाखवायला लिंक लागत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवर पाहिले तरी हीच गडबड होऊ शकते, कारण तो फोन तुमच्या पतींचा असेल आणि ते अल्बमचे सदस्य असतील, तर त्यांनाही तो दिसणारच. तपासायचे असते ते कोणीच नसलेल्या माणसाच्या नजरेने. त्यासाठी संगणकावर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा. क्रोममध्ये ती "Incognito" या नावाने असते. तिथे कोणत्याही खात्यात लॉगिन करू नका आणि टिपून ठेवलेली जुनी लिंक पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. फोनवरही हे करता येते, पण फोन कित्येकदा लिंक ओळखून ती थेट अ‍ॅपकडे सोपवतो आणि पुन्हा तुमचेच खाते मध्ये येते. म्हणून संगणक बरा.

आता काय दिसते ते पाहा. फोटो दिसले, तर लिंक जिवंत आहे. पान सापडत नाही असा संदेश आला किंवा लॉगिन करण्याचे पान समोर आले, तर ती बंद झाली. ड्राइव्हच्या बाबतीत, दुसऱ्या एखाद्या खात्याने आत असलेल्या माणसाला प्रवेशाची विनंती करण्याचे "Request access" असे बटणही दिसते, आणि कोणी ते दाबले की तुम्हाला मेल येतो. पुढल्या काही दिवसांत असे मेल आले तर दचकू नका. कोणाजवळ लिंक अजून होती, ते त्यावरून तुम्हाला आयतेच कळेल. फक्त त्या मेलमधले प्रवेश देण्याचे बटण सवयीने दाबू नका. एक चाचणी झाली की सगळ्या खाजगी खिडक्या बंद करून पुन्हा नव्याने उघडा आणि मगच दुसरी लिंक तपासा, नाहीतर आधी पाहिलेली चित्रे ब्राउझरच्या साठवणीतून समोर येऊन घोळ करतात. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करावी, असे मी सुचवेन.

या खाजगी खिडकीत एक बारकावाही तपासता येतो, आणि तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. अल्बमच्या पानावर दिसणारे प्रत्येक चित्र स्वतःच्या वेगळ्या पत्त्यावरून येते. संगणकावर एखाद्या फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडला, तर lh3.googleusercontent.com ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता दिसतो. शेअर केलेल्या अल्बममधला असा पत्ता लॉगिन न विचारता चित्र दाखवतो, आणि अल्बम बंद झाल्यानंतरही तो काही काळ चालू राहू शकतो. सामान्यतः कोणी अल्बमची लिंक सोडून अशा पत्त्यांच्या मागे लागत नाही, म्हणून या मुद्द्यासाठी झोप घालवू नका. परंतु एखादा विशिष्ट फोटो असा असेल की तो कोणत्याही परिस्थितीत उघडा राहायला नको, तर त्याची प्रत संगणकावर उतरवून घेऊन, तो फोटो खात्यातून काढा आणि ट्रॅशमधूनही कायमचा पुसा. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये खात्यात चढवलेले फोटो 60 दिवस राहतात, त्यामुळे ट्रॅश हाताने रिकामे करायला विसरू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरची एक गोष्ट मात्र लिंक मारूनही उरते. आपण लिंक पाठवतो तेव्हा तिच्यासोबत अल्बमचे नाव आणि मुखपृष्ठावरचा एक छोटा फोटो दिसतो. हे चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि मेसेजचाच भाग बनून सगळ्यांच्या फोनमध्ये जाते, त्यामुळे अल्बम नाहीसा झाला तरी त्या जुन्या चॅटमध्ये तो नखाएवढा फोटो तसाच दिसत राहतो. कोणी "मला तर अजून फोटो दिसतोय" असे म्हणाले, तर बहुधा ते हेच असते. त्यावर बोट ठेवले की पुढे काही उघडत नाही. तो लहानसा फोटोही नको असेल, तर ज्यांच्याशी बोलता येईल त्यांना तो मेसेज काढायला सांगण्यापलीकडे इलाज नाही.

हेच त्या प्रतींनाही लागू होते, ज्या कोणी आपल्या संग्रहात जतन करून घेतल्या किंवा पडद्यावरून टिपून घेतल्या. जतन केलेला फोटो हा त्या माणसाच्या खात्यातला स्वतंत्र फोटो असतो आणि तुमच्या खात्यातला कोणताही खटका त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नुसते पाहून गेलेल्यांची यादीही या दोन्ही ठिकाणी तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे कोणी कोणी पाहिले याचा शोध घेण्यात दिवस घालवू नका. त्याऐवजी ज्या व्यक्तीने परवा तो उल्लेख केला, तिला सरळ विचारा: लिंक कुठून उघडली, कोणाला पुढे पाठवली होती का, आणि काही जतन केले असेल तर काढून टाकाल का. या एका प्रश्नातून, लिंक ग्रुपच्या बाहेर गेली होती की नाही, हे तुम्हाला कोणत्याही तांत्रिक तपासणीपेक्षा लवकर कळेल.

घरात कोणी आयफोनवरून असेच अल्बम दिले असतील, तर तिथलेही एकदा पाहून घ्या. आयक्लाउडच्या शेअर केलेल्या अल्बममध्ये "Public Website" नावाचा खटका असतो. तो चालू असेल तर अल्बम पत्ता असलेल्या कोणालाही दिसतो, बंद केला की फक्त बोलावलेल्यांना. सुटे फोटो निवडून दिलेली आयक्लाउड लिंक मात्र 30 दिवसांनी आपोआप संपते, आणि त्याआधीही ती थांबवता येते.

पालकांना वर्गाचे फोटो पुन्हा द्यायचे असतील, तर नवा अल्बम करा, आपोआप फोटो टाकण्याचा चेहरा निवडू नका, लिंकचा खटका बंदच ठेवा आणि एकेकाला त्याच्या खात्याच्या पत्त्याने बोलवा. वीस घरांसाठी हे काम पंधरा मिनिटांचे आहे. ज्यांचे गूगलचे खातेच नाही, त्यांना ते मोजके फोटो थेट मेसेजमध्ये पाठवा.

आज संध्याकाळी मुलीला झोपवून संगणकासमोर बसलात, तर क्रम असा ठेवा: आधी जुन्या दोन्ही लिंका टिपून ठेवणे, मग अल्बमची लिंक आणि चेहऱ्याची आवक बंद करणे, मग इतरांचे हवे ते फोटो जतन करून सदस्य किंवा सगळा अल्बमच काढणे, मग ट्रॅशमधला फोल्डर परत आणून "Restricted" करणे, आणि शेवटी खाजगी खिडकीत दोन्ही लिंका एकेक करून चिकटवून पाहणे. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीतही त्या उघडल्या नाहीत, की ते टिपण पुसून टाका.